स्वस्त मशीन शेवटी पडते कितीला?

ग्रील, गेट आणि शटरचे काम करणारे आमचे अनेक बांधव आता मशीनही फोनवरूनच मागवू लागले आहेत. किरकोळ हत्यार असेल तर थोड्याफार फरकाने काही बिघडत नाही. पण पंचवीस-तीस हजारांचे मिग वेल्डिंग मशीन नुसता पहिल्या पानावरचा भाव पाहून मागवले, तर स्वस्त वाटलेले महाग पडू शकते.

हिशेबासाठी एकच मॉडेल तीन साइटवर आहे असे धरू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत; अटी मात्र अशाच आढळतात. पहिल्या साइटवर भाव २५,९६० रुपये, पण पैसे भरण्याच्या पानावर १,१८० रुपये वाहतूक वाढते. दुसरीवर २६,५५० रुपये आणि पोच मोफत. तिसरी कंपनीची स्वतःची साइट, भाव २८,३२० रुपये, पोच मोफत. म्हणजे घरपोच भाव अनुक्रमे २७,१४०, २६,५५० आणि २८,३२० झाला. पहिली स्वस्त वाटत होती, ती इथेच मागे पडली.

आता बिल पाहू. वेल्डिंग मशीनवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वरच्या रकमांत तो धरलेला आहे. जो बांधव नेहमीच्या पद्धतीने नोंदणीकृत आहे, त्याच्या जीएसटी क्रमांकासह बिल मिळाले तर हा कर त्याला वजावटीत मिळतो. पहिल्या साइटचे २७,१४० त्याला निव्वळ २३,००० ला पडतात आणि तिसरीचे २८,३२० निव्वळ २४,००० ला. दुसऱ्या साइटवरचा विक्रेता ग्राहकाच्या क्रमांकाचे बिल देत नसेल, तर तिथे पूर्ण २६,५५० खर्ची पडतात. सर्वांत स्वस्त दिसणारी साइट त्याच्यासाठी सर्वांत महाग ठरली. ज्याची नोंदणी नाही किंवा जो कंपोझिशनमध्ये आहे, त्याला ही वजावट नाही. त्याने घरपोच भावच धरावा.

खरी मेख मात्र परतीच्या अटीत आहे. वेल्डिंग मशीन परत करण्याची वेळ दर वेळी बिघाडामुळेच येते असे नाही. गाळ्यात सिंगल फेज आहे आणि मशीन थ्री फेजचे निघाले, किंवा दुपारी व्होल्टेज उतरले की मशीन बंद पडते, असेही होते. यात मशीनचा दोष नसतो, म्हणून विक्रेता ती ‘ग्राहकाची मर्जी’ धरतो. पहिल्या साइटची अट अशी समजा: वाहतूक परत नाही, परतीचे भाडे ग्राहकाचे आणि मशीनच्या किमतीच्या १० टक्के कपात. १,१८० गेले, एवढ्या जड डागाचे परतीचे भाडे १,४०० धरा, कपात २,५९६; एकूण ५,१७६ रुपये हातचे गेले. दुसरी साइट ‘फक्त बदलून मिळेल’ म्हणते, म्हणजे तेच न चालणारे मॉडेल पुन्हा दारात. तिसरी दहा दिवसांत स्वखर्चाने नेते आणि पूर्ण पैसे देते.

तेव्हा पहिली आणि तिसरी यांत निव्वळ फरक १,००० रुपयांचा आणि धोका ५,१७६ चा. मशीन परत करावे लागण्याची शक्यता पाचात एक असेल, तर दोन्ही जवळपास सारख्याच पडतात. गाळ्याची वीज तपासलेली आहे, हेच मॉडेल शेजारी चालताना पाहिले आहे, अशांनी खुशाल पहिली घ्यावी. नवख्याने तिसरीचे हजार रुपये जास्त द्यावेत, असे आम्हाला वाटते.

माल सदोष, वर्णनापेक्षा वेगळा किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला, तर गोष्ट निराळी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा वेळी विक्रेत्याला माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. म्हणून परतीचे कारण निवडताना घाईने ‘नको आहे’ वर बोट ठेवू नये. बिघाड असेल तर बिघाडच लिहावा. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला २०१९ च्या ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी मशीन घेणारा कारागीर कायद्याने ग्राहकच आहे. पगारी माणसे ठेवून चालणाऱ्या मोठ्या कारखान्याला मात्र हा आधार मिळणे अवघड. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

हप्त्याने घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. ‘विनाखर्च हप्ता’ यात बँक बहुधा व्याज लावतेच आणि तेवढी सूट विक्रेता भावात देतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वेगळे पडते. मशीन परत गेले तरी ते शुल्क सहसा परत येत नाही. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्यांनी तर हे आधीच जाणून घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी परतीच्या अटींच्या पानाचा फोटो काढून ठेवावा, आणि अट साइटची नव्हे तर त्या विक्रेत्याची वाचावी. एकाच साइटवर दोघांच्या अटी निराळ्या असतात. मुदत बहुधा माल पोचल्या दिवसापासून मोजतात, खोका उघडल्यापासून नव्हे. तेव्हा डाग आल्या दिवशीच लेबल दिसेल असे चित्रीकरण करत उघडावा, टॉर्च, अर्थ क्लॅम्प आणि गॅस रेग्युलेटर मोजावा, खोका फाटका असेल तर पावतीवर तसे लिहूनच सही करावी. मुदत संपेपर्यंत खोका आणि आतला थर्माकोल भंगारवाल्याला देऊ नये. त्यावाचून परतीचा माल घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जातो.