‘लिंक बायोमध्ये’, पण नेमकी कोणती?

इन्स्टाग्रामवर छोटा व्यवसाय करणाऱ्या बहुतेकांचा समज असा असतो की पोस्टखाली ‘लिंक बायोमध्ये आहे’ एवढं लिहिलं की काम झालं, ज्याला गरज आहे तो शोधेलच. हा समज चुकीचा का आहे, ते बघणाऱ्याची वाट मोजली की कळतं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये पत्ता लिहिला तरी तो नुसता मजकूर राहतो, त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही. म्हणून रील बघणाऱ्याला आधी खात्याच्या नावावर टॅप करावं लागतं, मग प्रोफाइलवरची लिंक शोधून तिच्यावर टॅप करावं लागतं. दरम्यान ती रील त्याच्या डोळ्यांसमोरून गेलेली असते. म्हणजे प्रोफाइलवर पोचेपर्यंत आपण कशासाठी आलो हे त्याला स्वतःच लक्षात ठेवावं लागतं. ‘लिंक बायोमध्ये’ हे शब्द फक्त जागा सांगतात. तिथे काय दाबायचं आणि दाबल्यावर काय हाती लागेल, हे सांगत नाहीत.

दुसरा गैरसमज लिंकांच्या संख्येचा आहे. 2023पासून इन्स्टाग्राम बायोमध्ये पाचपर्यंत लिंका ठेवू देतं, त्यामुळे पाचही जागा भरल्या की पाचपट फायदा, असं वाटतं. प्रत्यक्षात एकापेक्षा जास्त लिंका असल्या की प्रोफाइलवर पहिलीच दिसते आणि बाकीच्यांची नुसती संख्या. त्यावर टॅप केलं की यादी उघडते आणि त्यातून पुन्हा निवड करावी लागते. दोन टॅपचे तीन झाले, शिवाय विचार करण्याचं ओझं वाढलं. पाच लिंका ठेवू नयेत असं माझं म्हणणं नाही. मात्र ठेवल्या तर प्रत्येकीला शीर्षक द्यावं आणि कॅप्शनमध्ये तेच शीर्षक अक्षरशः लिहावं. कॅप्शनमध्ये ‘ऑर्डर करा’ आणि यादीत ‘आमचं दुकान’ असेल, तर माणूस योग्य ठिकाणी येऊनही थबकतो.

समजा, देवगडचा एक बागायतदार पुण्यात हापूसच्या पेट्या पाठवतो आणि रीलखाली लिहितो, ‘बुकिंग सुरू! लिंक बायोमध्ये.’ त्याऐवजी त्याने असं लिहावं: ‘अक्षय्य तृतीयेआधी पुण्यात पेटी हवी असेल तर वर आमच्या नावावर टॅप करा आणि “हापूस बुकिंग – पुणे” ही लिंक उघडा. दर आणि पेटी मिळण्याची तारीख तिथेच दिसेल.’ यात कोणासाठी, कुठे टॅप, कोणती लिंक आणि का, हे त्याच क्रमाने आलं. ‘का’चं उत्तर विक्रेत्याच्या सोयीचं नाही, गिऱ्हाइकाच्या मनातल्या प्रश्नाचं आहे, कारण पेटी घेणारा आधी दर आणि तारीखच विचारतो. ही वाक्यं कॅप्शनच्या सुरुवातीलाच हवीत. लांब कॅप्शनचा पहिला थोडा भागच दिसतो, बाकीचा टॅप केल्याशिवाय उघडत नाही. आणि लिंक उघडल्यावर दर व तारीख खरोखरच वर दिसायला हवी. तिथे आधी बागेची कहाणी आणि शेवटी दर असेल, तर कॅप्शनमधलं आश्वासन खोटं ठरतं.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: लोकांना आता सगळं माहीत आहे, इतकं फोड करून सांगणं उर्मट किंवा मागे लागल्यासारखं वाटतं. नेहमी खरेदी करणाऱ्याला ‘नावावर टॅप करा’ हे शब्द खरंच जास्तीचे वाटतील, ते गाळले तरी चालेल. पण लिंकचं नाव आणि कारण गाळता येत नाही, कारण ते अनुभवी माणसालाही आधीपासून ठाऊक नसतं. मागे लागल्यासारखं वाटतं ते ‘त्वरा करा’, ‘संधी सोडू नका’ यांमुळे. दर आणि तारीख सांगितल्याने नव्हे. दुसरा आक्षेप स्टोरीचा. तिथे लिंकचं स्टिकर थेट उघडतं, मग बायोचा खटाटोप कशाला? स्टोरी 24 तासांत निघून जाते, रील मात्र महिनोन्‌महिने फिरत राहते. म्हणूनच कॅप्शनमध्ये ‘पहिली लिंक’ असं लिहू नये. क्रम बदलला की जुनी रील चुकीची वाट दाखवते. नाव लिहिलं तर क्रम बदलूनही ती खरी राहते. हंगाम संपला की ती लिंक काढण्यापेक्षा तिचं पान बदलून ‘पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा’ असं ठेवावं.

आता चूक कुठे होते ते कसं ओळखायचं? व्यावसायिक खात्याच्या इनसाइट्समध्ये प्रोफाइलला दिलेल्या भेटी आणि बाहेरच्या लिंकवरचे टॅप वेगवेगळे दिसतात. रील भरपूर पाहिली गेली पण प्रोफाइलवर कोणी आलं नाही, तर बहुधा कॅप्शनमधलं कारण कमी पडलं. प्रोफाइलवर आले पण लिंक दाबली नाही, तर शीर्षक जुळत नसावं किंवा लिंका जास्त झाल्या. लिंक दाबली आणि पेटी नोंदवली नाही, तर शब्दांपेक्षा आधी पान तपासावं, विशेषतः दर आणि तारीख.