‘गोळी बोगस आहे’

औषधाच्या दुकानात ताप-खोकल्याचं गिऱ्हाईक काउंटरच्या मधोमध उभं राहतं. ताठरतेच्या गोळ्यांचं गिऱ्हाईक उभं राहतं कडेला, टूथपेस्टच्या रॅकपाशी. दुकान रिकामं झालं की चिठ्ठी घडी न उघडता पुढे सरकते. चिठ्ठी नसेल तर आवाज खाली येतो, ‘ती गोळी आहे का?’ चिठ्ठीशिवाय मी देत नाही. शेड्यूल एचचं औषध आहे आणि त्यामागचं कारण निव्वळ कागदी नाही, ते पुढे येईलच.

दोन-चार आठवड्यांनी यांच्यातलाच एखादा उरलेली स्ट्रिप घेऊन परत येतो. तक्रार ठरलेली असते, ‘गोळी बोगस आहे.’ पूर्वी मी बॅच नंबर दाखवून वाद घालायचो. आता वाद घालत नाही, तीन प्रश्न विचारतो. किती वाजता घेतली? त्याआधी काय खाल्लं होतं? घेतल्यावर काय केलं? बहुतेक वेळा गोळी बोगस नसतेच.

एका शिक्षकांचंच घ्या. वय चोपन्न, मधुमेह जुना, चिठ्ठीवर सिल्डेनाफिल 50 मिलिग्रॅम. शनिवारी रात्री मटणाचं जेवण साडेनऊला उरकलं, दहाला गोळी घेतली. साडेदहाला काही होईना म्हणून सर चिडले, अकराला झोपून गेले. रविवारी पुन्हा तसंच. सोमवारी माझ्या काउंटरवर.

सिल्डेनाफिल उपाशीपोटी घेतली तर साधारण तासाभरात तिचं रक्तातलं प्रमाण कमाल होतं, काहींत अर्ध्या तासात, काहींना दोन तासही लागतात. पण पोटात तेल-तुपाचं जेवण असेल तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि गोळी तिथेच रेंगाळते. कमाल प्रमाण गाठायला सरासरी आणखी एक तास जातो, आणि ते कमाल प्रमाणही सुमारे 29 टक्क्यांनी घटतं. म्हणजे सरांची गोळी जोरात यायची ती बाराच्या सुमारास, तीही कमी ताकदीनं. तेव्हा सर गाढ झोपेत. शिवाय जुना मधुमेह, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही थकलेल्या; तिथे एक तृतीयांशाच्या आसपासची घट परवडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी जरा लाजत दिलं. गोळी घेऊन ते टीव्हीवर बातम्या बघत वाट पाहत होते. इथे अनेकांची समजूत चुकते. मनात इच्छा आली, स्पर्श झाला की शिश्नातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो आणि त्यानं रक्तवाहिन्या सैल पडतात. पीडीई-5 नावाचं एन्झाइम हे सीजीएमपी सतत मोडून टाकत असतं. गोळी एवढंच करते की त्या एन्झाइमला अडवते. मोरीला बूच लावलं, पण नळ सोडलाच नाही तर बादली भरणार नाही. बातम्यांनी नळ सुटत नाही.

मी त्यांना डोस वाढवायला सांगितलं नाही, तो अधिकार माझा नाही. डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, वेळ बदलली. आठ वाजता, संध्याकाळच्या चहानंतर काही न खाता गोळी. नऊला भाकरी-भाजी, बेताचं जेवण. दहाच्या पुढे निवांत. सिल्डेनाफिलचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे चार तास लागतात, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत वाव असतो. डॉक्टरांनी हेही बजावलं की एक-दोन रात्रींवरून गोळी नापास करायची नाही. नीट वेळ साधून निदान सहा-आठ वेळा घेतल्यावरच ठरवायचं. सरांना दुसऱ्याच खेपेला फरक दिसला.

मग वार्डेनाफिल जलद म्हणतात, ती का नाही? हा प्रश्न मला इंटरनेट वाचून आलेले तरुण विचारतात. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीवर फारशी येत नाही. रासायनिक रचनेत ती सिल्डेनाफिलची सख्खी बहीणच. घ्यायची साधारण तासभर आधी, अर्धं प्रमाण जायला चार-पाच तास, आणि फार तेलकट जेवणानं तिचंही कमाल प्रमाण घटतं. तेव्हा मटणाच्या रात्रीसाठी ही काही सुटका नव्हे. जिभेवर विरघळणारा तिचा एक प्रकार आहे, तो पाण्याशिवाय घ्यायचा असतो. पण 10 मिलिग्रॅमची ती गोळी आणि गिळायची 10 मिलिग्रॅमची गोळी एकमेकींच्या जागी चालत नाहीत, कारण विरघळणारीतून रक्तात जास्त औषध पोचतं. आणखी एक अडचण वार्डेनाफिलची स्वतःची आहे. ती हृदयाच्या ठोक्यांमधला विद्युत अवधी किंचित लांबवते. ज्यांना ठोके अनियमित म्हणून अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल चालू आहे, त्यांनी ती टाळायची.

वार्डेनाफिलची मोठ्यात मोठी गोळी 20 मिलिग्रॅमची, सिल्डेनाफिलची 100ची. यावरून ‘वीसनं काय होणार, शंभरचीच द्या’ असं म्हणणारे रोज भेटतात. मिलिग्रॅम हे एकाच औषधात तोलायचं माप आहे. टाडालाफिलही जास्तीत जास्त 20चीच घेतात, आणि तिचा मुक्काम या दोघींपेक्षा कितीतरी लांब असतो.

सरांची गोष्ट टाडालाफिलकडे वळली ती त्यांच्या एका वाक्यामुळे. ‘जमतंय,’ ते म्हणाले, ‘पण घरात आठ वाजले की परीक्षेची घंटा झाल्यासारखं वाटतं.’ पत्नीलाही ते घड्याळ जाणवायला लागलं होतं. त्यात बोलता बोलता कळलं की रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या मते ते वेगळं दुखणं.

टाडालाफिलचं अर्धं प्रमाण जायला सुमारे साडेसतरा तास लागतात. एका गोळीचा उपयोग छत्तीस तासांपर्यंत होऊ शकतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत इथे भीती तरी येते किंवा चमक, म्हणून लगेच सांगावं लागतं की छत्तीस तास ताठरता राहत नाही. त्या काळात इच्छा झाली तर शरीर साथ देतं, एवढंच. कोणत्याही गोळीनं ताठरता चार तासांवर टिकली तर ती आणीबाणी आहे, थेट रुग्णालय गाठायचं. टाडालाफिलला जेवणाचं सोयरसुतक नाही. मटण खा की उपास करा, शोषण तेवढंच. मात्र ती सावकाश चढते. कमाल प्रमाणाला सरासरी दोन तास, काहींत त्याहून बरेच जास्त. म्हणून लागेल तेव्हा घेणाऱ्याला मी दुपारच्या चहाची वेळ सुचवतो, जेवणानंतरची घाई नको.

इतकी रेंगाळणारी म्हणूनच ती रोज थोडी थोडी घेता येते. रोजचा डोस अडीच किंवा 5 मिलिग्रॅम. रोज ठरावीक वेळी घेतली की साधारण पाच दिवसांत रक्तातली पातळी स्थिर होते, आणि मग गोळीचा आणि त्या रात्रीचा संबंध सुटतो. प्रोस्टेट वाढल्यामुळे होणाऱ्या लघवीच्या त्रासावरही 5 मिलिग्रॅमचा हाच रोजचा डोस मान्य आहे. सरांच्या दोन्ही तक्रारींना एक गोळी लागू पडत होती. डॉक्टरांनी आधी प्रोस्टेट तपासली, ईसीजी काढला आणि क्रिएटिनिन बघितलं. मूत्रपिंड फार दुबळं असेल तर ही रोजची गोळी देत नाहीत, आणि मधुमेह्यात हे तपासल्याशिवाय पुढे जाणं शहाणपणाचं नाही. मग चिठ्ठी बदलली.

दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन, ‘काल घेतली, काही फरक नाही.’ पाच दिवसांचा हिशेब पुन्हा सांगितला. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, स्पाँडिलायटिसची गोळी मागायला आले. टाडालाफिलनं पाठ आणि मांड्या दुखणं हे तिचं ओळखीचं लक्षण, बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतं. सिल्डेनाफिलवर असताना त्यांना डोकं जड व्हायचं आणि ट्यूबलाइट निळसर दिसायची. तेही त्या गोळीचं ओळखपत्रच. ती डोळ्याच्या पडद्यातल्या पीडीई-6लाही थोडं अडवते. पाठदुखी शुक्रवारी गेली. पुढच्या महिन्यात रात्रीचं उठणं एका वेळेवर आलं. आठ वाजताची घंटा बंद झाली.

रोजची गोळी सगळ्यांना नको, हेही सांगतो. महिन्यातून दोनदा गरज पडणाऱ्याला तीस गोळ्यांचा खर्च कशाला? आठवड्यातून दोन-तीनदा, न ठरवता, असं ज्यांचं आहे, किंवा लघवीचाही त्रास आहे, त्यांना ती सोयीची. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि रोजची चालू असताना ‘आज खास’ म्हणून वरून 20ची टाकायची नाही. अशी मागणी सणावारी हमखास येते.

आता चिठ्ठीच्या हट्टाचं कारण. आपल्याकडे हृदयाच्या अनेक रुग्णांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली धरायची. ती नायट्रेट आहे आणि नायट्रिक ऑक्साइडचाच रस्ता वापरते. या तिन्ही गोळ्यांपैकी कोणतीही अंगात असताना ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिल किंवा वार्डेनाफिलनंतर निदान चोवीस तास आणि टाडालाफिलनंतर निदान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट चालत नाही. रोज टाडालाफिल घेणाऱ्याच्या अंगात ती कायमच असते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं, कारण रक्तदाब तिकडूनही उतरतो. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सुलांत सिल्डेनाफिलच मिसळलेलं सापडलं आहे, आणि तिथे हिशेब करायलाही जागा राहत नाही.

तेव्हा कोणती गोळी घेता आणि शेवटची कधी घेतली, हे घरात निदान एका माणसाला माहीत असू द्या, बायकोला तर असूच द्या. छातीत दुखायला लागलं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायच्या आधी रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला ते पहिल्या वाक्यात सांगा. तिथे लाजू नका.