दंगल की मानवतेविरुद्धचा गुन्हा?

केनियात २७ डिसेंबर २००७ रोजी निवडणूक झाली आणि ३० तारखेला मवाई किबाकी विजयी झाल्याचं जाहीर झालं. मतमोजणीत घोटाळा झाल्याचा विरोधकांचा आरोप होताच. पाठोपाठ देश पेटला. १ जानेवारीला एल्डोरेटजवळच्या कियाम्बा गावात जीव वाचवण्यासाठी चर्चमध्ये लपलेल्या किकुयू कुटुंबांना जमावानं आतल्या आत जाळलं. त्यात बायका-मुलंही होती. फेब्रुवारीअखेर कोफी अन्नान यांनी समझोता घडवून आणेपर्यंत अकराशेहून जास्त माणसं मारली गेली आणि लाखो बेघर झाली.

याला गुन्हा म्हणून कोणतं नाव द्यायचं? युद्धगुन्हा म्हणता येईना, कारण युद्धगुन्ह्यासाठी आधी युद्ध लागतं. ते दोन देशांमधलं असेल, नाहीतर देशातल्याच संघटित सशस्त्र गटांशी चाललेलं असेल. तशी लढाई चालू असली, की शरण आलेल्या एकाच कैद्याला एकाच सैनिकानं गोळी घातली तरी तो युद्धगुन्हा ठरू शकतो. शिवाय तिथे बळी पडलेला सैनिकही असू शकतो. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचं गणित वेगळं आहे. इथे युद्ध असण्याची गरज नाही, पण हल्ला नागरिकांवर झालेला हवा आणि तो ‘व्यापक किंवा पद्धतशीर’ हवा.

हे नेहमीच असं नव्हतं. न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटले चालले तेव्हा मानवतेविरुद्धचे गुन्हे युद्धाशी बांधलेले होते. त्यामुळे १९३९ पूर्वी जर्मनीतच ज्यूंचा जो छळ झाला, त्याबद्दल न्यायाधीशांना या कलमाखाली दोषी ठरवता आलं नाही. १९९८ च्या रोम करारात ही गाठ नाही.

‘व्यापक’ म्हणजे बळींची संख्या किंवा प्रदेशाचा विस्तार मोठा. ‘पद्धतशीर’ म्हणजे योगायोगानं न घडलेलं, ठरवून केलेलं. दोन्हींपैकी एक पुरे. आणि हा निकष संपूर्ण हल्ल्याला लागतो, प्रत्येक आरोपीच्या कृत्याला नाही. एकच खून करणाराही यात सापडतो, मात्र आपला खून त्या मोठ्या हल्ल्याचा भाग आहे हे त्याला ठाऊक असायला हवं.

खरी मेख पुढेच आहे. रोम कराराचं सातवं कलम म्हणतं, की हल्ल्यामागे राज्याचं किंवा एखाद्या संघटनेचं धोरण हवं. म्हणजे ‘किंवा’ लिहून जी सवलत दिली, तिच्यातली थोडी याच कलमानं परत घेतली. बळी कितीही असोत, त्यामागे कोणाचं धोरण नसेल तर ती दंगलच राहते.

केनियाचं प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गेलं तेव्हा याच मुद्द्यावर न्यायाधीशांत फूट पडली. सरकारी पक्षाच्या मते राजकारणी, माजी सैनिक-पोलीस आणि एका रेडिओ केंद्रावरचा निवेदक यांचं एक जाळं होतं. बैठका घेऊन, माणसं आणि साधनं जमवून त्यानं हल्ले घडवले. हे जाळं म्हणजे ‘संघटना’ का? दोन न्यायाधीश म्हणाले, माणसाच्या मूलभूत मूल्यांवर घाला घालण्याची ताकद असली की पुरे. तिसरे, जर्मनीचे हान्स-पीटर काउल, म्हणाले की संघटनेत राज्यासारखं काहीतरी असायला हवं, नाहीतर साध्या गुन्ह्यांमधली आणि या गुन्ह्यांमधली रेषाच पुसली जाईल. अत्याचार झाले हे त्यांना मान्यच होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्यांचा निवाडा केनियाच्या न्यायालयांनी करावा. ३१ मार्च २०१० रोजी दोन विरुद्ध एक मतानं चौकशीला परवानगी मिळाली. काउल यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती, पण त्यांचा निकष लावला तर टोळ्या पोसणारे पुढारी अलगद सुटतात.

पुढे घडलं ते फारसं समाधानकारक नाही. उहुरू केन्याटा यांच्यावरचे आरोप सरकारी पक्षानंच २०१४ मध्ये मागे घेतले. विल्यम रुटो आणि निवेदक जोशुआ सांग यांचा खटला एप्रिल २०१६ मध्ये पुराव्याअभावी थांबवला गेला. साक्षीदार फिरले होते आणि त्यांच्यावर दबाव आल्याचं न्यायाधीशांनीही नोंदवलं. रुटो निर्दोष ठरले नाहीत आणि दोषीही नाहीत. २०२२ मध्ये ते केनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

भारत रोम कराराचा सदस्य नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात सज्जन कुमार यांना दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०१८ रोजी ही उणीव स्पष्ट शब्दांत मांडली आणि १९९३ च्या मुंबईचाही त्यात उल्लेख केला. मानवतेविरुद्धचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही, असं न्यायालयाचं निरीक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो नाही.