एका बिटाचा उशीर

W25Q128 ही फ्लॅश मेमरीची चिप. एसपीआयच्या तारांवरून तिला `9F` हा हुकूम दिला, की तिने आपली ओळख `EF 40 18` अशी सांगायला हवी. आमच्या बोर्डावर मात्र `77 A0 0C` येत होते. हे आकडे बिटांत मांडून पाहिले, तेव्हा उत्तर तेच होते, फक्त एक घर उजवीकडे सरकलेले. एवढ्यावरूनच चिपवरचा माझा संशय उडाला.

लॉजिक अॅनालायझरच्या तारा चिपच्या पायांशी लावल्या. त्याने `EF 40 18` असेच वाचले, म्हणजे चिप बरोबर बोलत होती. पण अॅनालायझरला फक्त शून्य आणि एक दिसतात. काठ नेमका केव्हा पोहोचतो, हे पाहायला ऑसिलोस्कोप हवा. चिप-सिलेक्ट खाली येताच तो टिपेल असे ठेवून त्याची प्रोब कंट्रोलरच्या पायाशी धरली. जमिनीची तार आखूड ठेवली, कारण लांब तारेमुळे नसलेल्या लाटा दिसू लागतात.

घड्याळ ४० मेगाहर्ट्झचे. ते खाली आल्यावर चिप नवा बिट ठेवते आणि १२.५ नॅनोसेकंदांनी, ते वर जाताना, कंट्रोलर तो वाचतो. बिट पोहोचत होता सुमारे १६ नॅनोसेकंदांनी. मधला व्होल्टेज बदलणारा लेव्हल शिफ्टर वेळ खात होता, त्यामुळे कंट्रोलर दरवेळी आधीचाच बिट उचलत होता.

घड्याळ २० मेगाहर्ट्झवर आणताच ओळख बरोबर आली.