निफ्टी वाढला, तरी कॉल तोट्यात का?

अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी कॉल घेतला, दुसऱ्या दिवशी निफ्टी शंभर अंशांनी वर गेला, तरीही कॉलचा भाव उतरला. असे घडले की अनेकांना बाजारात काहीतरी गडबड झाल्यासारखे वाटते. पण ऑप्शनचा भाव एकट्या निर्देशांकावर ठरत नाही. मुदत किती उरली आहे आणि पुढे किती चढउतार होईल असे बाजार धरून चालला आहे, यांचाही त्यात वाटा असतो. दिवसाच्या तोट्याची फोड केली की कोणाचा वाटा किती, ते कळते.

समजा, निफ्टी २४,००० वर आहे. २४,००० चाच कॉल घेतला, मुदत सात दिवसांची आणि अपेक्षित चढउताराचा वार्षिक दर, म्हणजे आयव्ही, २० टक्के. व्याज बाजूला ठेवले, तर ब्लॅक-शोल्स सूत्राने प्रीमियम सुमारे २६५ रुपये येतो. दुसऱ्या दिवशी निफ्टी २४,१०० वर आहे, आयव्ही १६ वर घसरला आहे आणि प्रीमियम २५१ झाला आहे. म्हणजे तोटा १४ रुपयांचा.

आता आदल्या दिवशीचे आकडे घेऊ. डेल्टा ०.५१ होता, म्हणून शंभर अंशांच्या वाढीने ५१ रुपये दिले. निफ्टी चढत असताना डेल्टाही वाढत गेला. ही जादा कमाई गॅमाची. ०.०००६ या गॅमाला शंभराच्या वर्गाने गुणून निम्मे केले की ३ रुपये येतात. एक दिवस सरल्याबद्दल थीटाने १९ रुपये नेले. व्हेगा सव्वातेरा होता, म्हणजे आयव्ही एका टक्क्याने हलला की भाव सव्वातेरा रुपयांनी हलतो. चार टक्क्यांच्या घसरणीत ५३ रुपये गेले.

बेरीज उणे १८ होते, प्रत्यक्ष तोटा मात्र १४ आहे. उरलेल्या चार रुपयांचे कारण असे, की आपण व्हेगा सकाळचाच धरला. दिवस सरला तसा तो सव्वाबाराच्या आसपास आला होता, त्यामुळे आयव्हीच्या घसरणीचा फटकाही थोडा कमी बसला.

शिल्लक एवढी लहान असेल तर फोड विश्वासार्ह मानावी. ती मोठी असेल तर आधी भाव तपासावेत. कमी उलाढालीच्या स्ट्राइकवर शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असू शकतो. त्या शिळ्या भावावरून काढलेला आयव्ही चुकतो आणि न झालेला नफा-तोटा व्हेगाच्या नावावर चढतो. निर्देशांकाची हालचाल फार मोठी असेल, तर सकाळच्या आकड्यांवर दिवसभराचा हिशेब मुळातच बसत नाही. अशा वेळी दिवसाचे तुकडे पाडून, दर टप्प्याला आकडे नव्याने काढावे लागतात.

या उदाहरणात दिशेचा अंदाज बरोबरच होता. डेल्टा आणि गॅमाने मिळून ५४ रुपये कमावले. पण घोषणेआधीच्या चढ्या आयव्हीला घेतलेल्या कॉलसोबत, आयव्ही टिकेल अशी दुसरी पैजही नकळत लावली गेली होती. तीच हरली.