‘स्विच बंद पडतो’ एवढंच लिहू नका

आमच्या सोसायटीच्या आठ कॅमेऱ्यांना एकाच केबलमधून वीज आणि नेट देणारा स्विच सात महिन्यांत दोनदा दुरुस्तीला जाऊन आला. दोन्ही वेळा पुरवठादाराचा शेरा एकच: ‘तपासला, ठीक आहे.’ टेबलावर तासभर तो ठीकच चालायचा. आमच्याकडे आला की तीन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

सेक्रेटरींनी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ‘स्विच सारखा बंद पडतो, कृपया बदलून द्यावा.’ उत्तर आलं, की तुमच्याकडे लाइटचा प्रॉब्लेम असेल. अशा पत्राला दुसरं उत्तर येणारही नव्हतं.

पुरावा खरं तर रेकॉर्डरमध्येच पडून होता. कॅमेऱ्याचं चित्र गेलं की तो `Video Loss` अशी नोंद वेळेसह ठेवतो. आम्ही तीन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. अकरा वेळा आठही कॅमेरे एकाच सेकंदाला गेले होते. एकच कॅमेरा गेला असता तर केबलवर किंवा त्या पोर्टवर संशय घेता आला असता. स्विचमधून रेकॉर्डरकडे येणारी केबल ढिली असती तरीही आठही चित्रं एकदम गेली असती. पण मग केबल लागताच ती लगेच परतली असती. इथे ती दीड-दोन मिनिटांनी, एकेक करून परत येत होती. म्हणजे कॅमेरे नव्याने सुरू होत होते, त्यांची वीजच तुटत होती.

आता लाइटचा मुद्दा. रेकॉर्डर आणि स्विच एकाच यूपीएसवर आहेत आणि रेकॉर्डर एकदाही बंद झाला नव्हता. लोड जास्त असेल म्हणावं, तर आठ कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे धरूनही जेमतेम ५६ वॅट लागतात आणि स्विचची क्षमता ९६ आहे. शिवाय अकरापैकी सहा घटना भर दुपारच्या. शेवटी त्याच केबली, तेच सॉकेट ठेवून उसना स्विच दहा दिवस लावला. एकही नोंद नाही. आमचा परत लावला, तिसऱ्या दिवशी बंद.

नवं पत्र एका पानाचं झालं. वर बिल नंबर, खरेदीची तारीख, सिरियल नंबर. खाली दुरुस्तीला दिल्या-घेतल्याच्या तारखा, मग अकरा वेळांचा तक्ता आणि उसन्या स्विचची चाचणी. मागणी अशी लिहिली:

‘दोन दुरुस्त्यांनंतरही दोष कायम असल्याने आता दुरुस्ती नको, बदली स्विच द्यावा. त्याची वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत राहील, तेही लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’

वॉरंटीचं वाक्य मी हट्टाने घालायला लावलं. बदलून मिळालेल्या वस्तूला बहुधा जुन्याचीच उरलेली मुदत लागू होते आणि ते आपल्याला पुढच्या बिघाडाच्या वेळी कळतं.

नवव्या दिवशी माणूस आला. जुना स्विच देण्याआधी सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढला, पोच घेतली. नव्याचा नंबर वेगळा आहे ना, तेवढं वॉचमनच्या टेबलावर ताडून पाहिलं.