पुढे ढकललेला प्रयोग आणि तिकीट खिडकी

व्यावसायिक मराठी नाटकाचा प्रयोग ऐनवेळी पुढे ढकलावा लागतो तेव्हा सर्वाधिक ताण तिकीट खिडकीवर येतो आणि प्रेक्षक त्या नाटकाकडे पुन्हा फिरकणार की नाही, हेही बहुधा तेथेच ठरते. पुण्यातील एका नाट्यगृहात रविवारी दुपारी साडेबाराला होणारा प्रयोग मुख्य अभिनेत्याचा आवाज बसल्यामुळे शनिवारी दुपारी स्थगित झाला, तेव्हा ४१२ तिकिटे विकली गेली होती. फलकाचा मजकूर लिहिताना व्यवस्थापकांनी ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे ठरीव शब्द खोडून ‘कलाकाराच्या आजारपणामुळे’ असे लिहिले. कारण खरे कारण दडवले, की तिकिटे खपली नसावीत अशी कुजबुज सुरू होते.

नव्या तारखेचा प्रश्न अधिक अवघड होता. नाट्यगृहांच्या तारखा संस्थांना काही महिने आधीच वाटून दिलेल्या असतात, त्यामुळे मोकळी तारीख सहसा मिळत नाही आणि दुसऱ्या संस्थेशी अदलाबदल करावी लागते. ती तारीख पक्की होईपर्यंत फलक दोन तास अडवून ठेवण्यात आला. ‘लवकरच कळवू’ एवढेच लिहिले असते, तर जुने तिकीट जपून ठेवावे की पैसे मागावेत, हे प्रेक्षकाला ठरवता आले नसते. नाट्यगृह तेच राहिल्यामुळे ‘प्लॅन’, म्हणजे आसनांचा विक्रीतक्ता, तसाच ठेवून जुनी तिकिटे त्याच आसनांसाठी ग्राह्य धरता आली. नाट्यगृह बदलले असते, तर रांगांची मांडणी जुळली नसती.

परताव्याचे तीन मार्ग सूचनेत वेगवेगळे दिलेले होते. खिडकीवर घेतलेले तिकीट परत देऊन रोख रक्कम मिळणार होती, ऑनलाइन तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात काही दिवसांनी जमा होणार होते, तर फोनवरून आसने राखून ठेवलेल्यांनी पैसेच भरलेले नसल्याने त्यांना केवळ फोन करणे पुरेसे होते. खिडकीवरील ज्येष्ठ कर्मचारी प्रत्येक परत आलेल्या तिकिटावर आडवी रेघ मारून मगच नोटा मोजत होते, कारण रेघ मारायची राहिली तर तेच तिकीट नव्या तारखेला दारावर पुन्हा येऊ शकते.

तरीही ‘रविवारी खबर न लागलेले नऊ जण येणारच’ असे ते वारंवार सांगत होते. रोखीने तिकीट घेणाऱ्याचा फोन क्रमांक नोंदलेला नसतो आणि रविवारच्या वृत्तपत्रातील जाहिरात तोवर छापायला गेलेली असते. रविवारी खरोखरच नऊ जण आले. त्यांच्यासाठी सुटे पैसे घेऊन माणूस दाराशी उभा होता आणि त्यांपैकी सहा जणांनी पैसे न घेता तिकीटच राखून ठेवले. दिलगिरीच्या लांबलचक शब्दांपेक्षा पक्की तारीख आणि मागताक्षणी मिळणारे पैसे यांनीच प्रेक्षक टिकतो. म्हणून ज्या संस्थेला दारावर माणूस ठेवणे परवडत नाही, तिने रोखीच्या प्रत्येक तिकिटामागे निदान फोन क्रमांक तरी लिहून घ्यावा.